दोनदा आलेल्या स्लाइडी

छापील पानं सोळा. एका पानावर सहा स्लाइडी, म्हणजे एकूण शहाण्णव. 'भाग एक', 'भाग दोन' अशी नुसती शीर्षकं असलेल्या आठ. चौकटीत मजकूर असलेल्या अकरा. एखादा तरी शब्द अधोरेखित असलेल्या एकोणीस. आणि जशाच्या तशा, एका अक्षराचाही फरक नसताना, दोनदा आलेल्या तीन.

माया ओव्हाळनं ही मोजदाद गुरुवारी संध्याकाळी आत्याच्या घरी, दौंडात, फरशीवर सोळाही पानं मांडून केली. शनिवारी सकाळी लेखी परीक्षा होती. विषय माती आणि पाणी परीक्षण, गुण पन्नास. तीस पडले तर साखर कारखान्याच्या माती प्रयोगशाळेत जागा; कारखान्यानं तसं कॉलेजला लिहून कळवलं होतं. तीस पडणार नाहीत असं वाटलं तर सोमवारी परत रांजणगावला, गोळ्यांची पाकिटं भरायच्या लाइनवर. तिथल्या ठेकेदारानं सोमवारपर्यंतच जागा अडवून धरली होती. निकाल बुधवारी लागणार होता; तोवर तीही गेली असती.

तिची पंचाईत वेगळीच होती. ती निमोण्याची, शिरूरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. दौंडच्या या कोर्सची फी तिनं पहिल्याच आठवड्यात भरली होती, पण लाइनवर बदली माणूस मिळेना म्हणून ठेकेदार सोडेना. ती आली तेव्हा आठही लेक्चरं संपलेली, प्रॅक्टिकलचे शेवटचे चार दिवस उरलेले. बाकीच्या पोरांच्या वह्या मागाव्यात, तर वह्या कोणाकडेच नव्हत्या. बोत्रे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लिहीत बसू नका, पडद्याकडं बघा, शेवटी सगळ्या स्लाइडी छापून देतो. कॉलेजात नवीनच प्रोजेक्टर आला होता आणि सरांना त्याचं भारी कौतुक. पोरांनी सरांचं तेवढं एक वाक्य तंतोतंत पाळलं.

म्हणजे सर वर्गात काय बोलले, कुठं थांबले, कुठं आवाज चढवला, यातलं काही मायाकडे नव्हतं. होती ती सोळा पानं. शहाण्णव स्लाइडी दीड दिवसात पाठ होणं शक्य नव्हतं. कुठल्या सोडायच्या ते ठरवणं भाग होतं.

"पत्त्यांचा डाव मांडलाय का गं?" भागुबाई दारातूनच म्हणाली. ही तिची आत्या, रेल्वेच्या दवाखान्यात आया. दमून आलेली, हातात चपला. "पाय कुठं ठिवू मी?"

"भिंतीकडनं ये, आत्या. पानं हलवू नको."

"आभ्यास म्हंजी वाचायचा असतोय. तू मोजायलीस."

"काय वाचायचं तेच मोजतेय."

भागुबाई भिंतीला पाठ घासत मोरीपर्यंत गेली. "आमच्या दवाखान्यात डाक्टर बी आसंच करत्यात," ती आतून म्हणाली. "आदी मोजत्यात, मंग इचारत्यात काय हुतंय."

माया हसली नाही. तिनं प्रत्येक स्लाइडला गुण द्यायला सुरुवात केली होती. दोनदा आली तर तीन. चौकट असेल तर दोन. अधोरेखित असेल तर एक. हिशोब सरळ होता: ज्या माणसानं स्लाइडी केल्या तोच पेपर काढणार. ज्यावर त्याचा जीव, ते तो पुन्हा दाखवणार, ठळक करणार आणि तेच विचारणार. बेरजेत सगळ्यात वर तीन आल्या. मातीच्या ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत करत राहायचं, ती एक. सामू, म्हणजे पीएच, मोजायच्या यंत्राला चार, सात आणि नऊ पूर्णांक दोनच्या द्रावणांनी ताळ्यावर आणायचं, ती दुसरी. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोजताना येणाऱ्या निळ्या रंगाची तिसरी. या तीन पक्क्या आणि त्यांच्याखाली आणखी सात, अशी दहांची यादी तिनं केली.

चूक तिनं त्याच संध्याकाळी केली. वर्गातल्या सत्यजीत फराट्यानं यादी मागितली आणि तिनं ती दिली.

सत्यजीत मांडवगण फराट्याचा. घरचा ऊस, घरची मोटरसायकल, आणि बारावीनंतर ॲग्रीचा डिप्लोमा. आठही लेक्चरांना मागच्या बाकावर हजर असलेला हा गडी मायाला म्हणाला होता, "तुमी डोकं लावा, मी हजेरी लावतो." शुक्रवारी सकाळी ती कॉलेजात आली तर व्हरांड्यात अकरा पोरं तिचीच यादी हातात घेऊन पुटपुटत बसलेली. झेरॉक्सवर तिच्याच अक्षरातले आकडे.

"हे काय केलंस?"

"वाटली," सत्यजीत म्हणाला. "आपलीच पोरं हायती. तीस मार्काचा सवाल हाय, पहिल्या नंबराचा न्हाई. सगळी पास झाली तर तुमचं काय जातंय?"

तिचं काही जात नव्हतं, ते खरंच होतं. पण आपण एकटीनं चुकायचं आणि अकरा जणांना घेऊन चुकायचं यात फरक असतो. ती बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली.

"एक सांग," ती म्हणाली. "ही ढिगाची स्लाइड सरांनी दुसऱ्यांदा दाखवली तेव्हा काय बोलले? जास्त समजावून सांगितली का?"

सत्यजीतनं डोकं खाजवलं. "कशाचं जास्त? 'मागल्या टायमाला इथं थांबलो होतो' म्हणले आन् गेले फुडं."

"थांबले का होते?"

"लाईट गेली व्हती की."

मायानं पान उलटलं. "आणि सामूच्या यंत्राची?"

"तवा बी. सर लई चिडले व्हते. म्हणले, वीज बोर्डाला माझंच लेक्चर सापडतंय."

"निळा रंग?"

सत्यजीत आता तिच्याकडे जरा भीतीनंच बघू लागला. "न्हाई बा, ते आठवत न्हाई. पण लाईट तर कवाबी जाती. त्यात काय?"

त्यात सगळंच होतं. ज्या तीन स्लाइडींवर तिनं सगळ्यात जास्त गुण लावले, त्या सरांनी महत्त्वाच्या म्हणून पुन्हा घातल्याच नव्हत्या. पडदा जिथं काळा झाला, तिथली स्लाइड पुढच्या भागाच्या सुरुवातीला आणून ठेवली, दुवा जुळावा म्हणून, एवढंच. तिनं घाईघाईनं पानं चाळली. पहिली पुन्हा आली होती ती 'भाग तीन'च्या शीर्षकाला लागून. दुसरी 'भाग पाच'ला लागून. तिसरी 'भाग सात'ला.

"लेक्चर कुठल्या वारी असायचं?"

"सोमवारी आन् गुरुवारी. अकरा ते साडेबारा."

पहिला भाग सोमवारी, दुसरा गुरुवारी. म्हणजे सम आकड्याचे सगळे भाग गुरुवारचे, आणि अर्धवट तुटले होते ते सम भागच. पण एवढ्यावर ती मानायला तयार नव्हती. सत्यजीतची आठवण तीनातली दोनच सांगत होती.

"वीज कार्यालयाबाहेर लोडशेडिंगचं वेळापत्रक लावलेलं असतं ना?"

"असतंय. चला, बसा मागं. दोन मिनिटात जाऊन येऊ."

माया त्याच्या मोटरसायकलकडे बघून म्हणाली, "तू हो पुढं. मी चालत येते."

तिनं का नाही म्हटलं ते दोघांनाही ठाऊक होतं. दौंड काही एवढं मोठं गाव नव्हे, आणि ओव्हाळांची मुलगी फराट्यांच्या गाडीवर दिसली ही बातमी संध्याकाळच्या आत दोन तालुक्यांत पोचली असती. सत्यजीतनं किक मारली आणि गेला.

ती पोचली तेव्हा तो फळ्यासमोरच उभा होता, कमरेवर हात ठेवून, कोणीतरी फसवल्यासारखा. "वाचा," तो म्हणाला. "तुमच्या मनासारखं हाय."

फळ्यावर लिहिलं होतं: सोमवार, दुपारी तीन ते सहा. गुरुवार, पावणेबारा ते पावणेतीन.

सोमवारचं लेक्चर सुखरूप संपायचं. गुरुवारचं पाऊण तासानंतर अंधारात जायचं. तीनही स्लाइडींचा हिशोब लागला.

"म्हंजी आपण बोर्डाचं टाइमटेबल पाठ करायलोय व्हय?" सत्यजीत म्हणाला आणि स्वतःच हसला. मग त्याचं हसू गेलं. "पोरं तर सकाळपासनं तेच घोकत्यात की ओ."

"थांबव त्यांना."

"थांबवून फुडं काय सांगू? सगळंच वाचा? त्यापेक्षा चुकीची यादी बरी. हातात कायतरी आसतं."

हे तिला लागलं, कारण ते तिलाही तितकंच लागू होतं. दुपार व्हायला आली होती. वीज कार्यालयाच्या पायरीवर बसून तिनं पानं पुन्हा मांडीवर घेतली. जे सरांच्या मनानं झालं आणि जे विजेनं झालं, ते वेगळं कसं काढायचं? वीज गेल्यामुळे आलेली स्लाइड शीर्षकाला लागून असणार. आणि ती जशीच्या तशी असणार, कारण सरांनी नुसती उचलून पुढे चिकटवली. मग जी स्लाइड सरांनी मुद्दाम पुन्हा केली असेल, ती कशी दिसेल?

ती तशीच नसेल.

तिनं पाचवा भाग काढला. सेंद्रिय कर्ब काढायचं उदाहरण. ब्लँकला, म्हणजे मातीशिवायच्या द्रावणाला, वीस मिली, नमुन्याला सोळा पूर्णांक चार. फरक तीन पूर्णांक सहा, उत्तर ०.५४ टक्के. दोन स्लाइडी सोडून तेच उदाहरण पुन्हा, पण ब्लँकला एकोणीस पूर्णांक सहा, नमुन्याला सतरा, उत्तर ०.३९. काल रात्री तिनं याला टायपिंगचा घोळ समजून दोन वेगळ्या स्लाइडी धरल्या होत्या. हा घोळ नव्हता. सरांनी आकडे बदलून तीच गोष्ट पुन्हा करून दाखवली होती. पोरांना पहिल्यांदा कळली नाही म्हणून, किंवा कळायलाच हवी म्हणून.

"सत्या, हे दुसऱ्यांदा केलं तेव्हा सर काय म्हणाले?"

तो वाकून बघू लागला. "हे का? हे फळ्यावर बी करून घेतलं. मला उठवलं व्हतं. माझं चुकलं."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी म्हणला, कुठली दोनदा आली. ही येगळीच हाय की, आकडे येगळे."

त्याचंही बरोबर होतं. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. बदलून दुसऱ्यांदा आलेल्या स्लाइडी तीन निघाल्या, तीनही भागाच्या मध्यावर. एक ही कर्बाची. एक नमुना कुठून घेऊ नये याची: पहिल्यांदा बांध, उकिरडा, झाडाखालची आणि पाणथळ जागा, दुसऱ्यांदा त्यात जनावरं बांधायची जागा वाढवलेली. आणि एक स्फुरदाची: पहिल्यांदा रसायनांची नुसती यादी, दुसऱ्यांदा त्याच यादीतल्या कोळशापुढे प्रश्नचिन्ह. कोळसा का घालतात? मातीतल्या सेंद्रिय पदार्थांचा पिवळट रंग द्रावणात उतरतो, तो शोषून घ्यायला. नाहीतर निळ्या रंगाचं मोजमाप चुकतं.

मग तिनं काल पहिलंच म्हणून उलटून टाकलेलं पान काढलं. दुसरीच स्लाइड: 'उद्दिष्टे'. कोर्सच्या शेवटी काय यायला हवं, त्याच्या सहा ओळी. योग्य जागेवरून नमुना घेता येणे. सेंद्रिय कर्बाचे प्रमाण काढता येणे. स्फुरद परीक्षणातील प्रत्येक पायरीचे कारण सांगता येणे. बदललेल्या तीन स्लाइडी या तीन ओळींवर चपखल बसत होत्या. सामू, क्षारता आणि सहावी ओळ, पाणी सिंचनायोग्य आहे की नाही ते ठरवता येणे, या तिन्हींना पुढे कुठंच बदललेली स्लाइड नव्हती.

"आठव्या भागातलं पाण्याचं काय?" तिनं विचारलं. "शेवटी सोडियमचं सूत्र आहे."

"ते झालंच न्हाई. लाईट गेली. सर म्हणले, वाचून घ्या."

शिकवलं नाही, पुन्हा दाखवलं नाही, चौकट नाही. तिनं आठव्या भागावर काट मारली. नव्या यादीत सहा गोष्टी राहिल्या आणि पहिल्या तिन्हींना, म्हणजे बदलून आलेल्यांना, तिनं प्रत्येकी एक तास ठरवला.

सत्यजीतनं खिशातून मोबाइल काढला. "किती अक्षरं बसत्यात एका मेसेजमधी?" असं स्वतःशीच म्हणत त्यानं इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायला घेतली. अकरा जणांना मेसेज गेले. पहिलं उत्तर लगेच आलं. त्यानं वाचून दाखवलं: "'सकाळी हे, आता ते. उद्या अजून एक येणार का?'"

"तू तरी वाचशील ना नवीन?"

"बघू," सत्यजीत म्हणाला. "माझं एक वाईट हाय. एकदा पाठ झालं की निघत न्हाई."

त्या संध्याकाळी भागुबाईनं भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली. मायाचा एक हात ताटात, दुसऱ्या हाताच्या बोटावर पेनानं आकडे.

"काय झालं आज? काल तर मोजून झालं व्हतं."

"चुकीचं मोजलं होतं, आत्या. लाइट गेली म्हणून जे झालं, ते मी सरांच्या मनातलं समजले."

भागुबाईनं आणखी अर्धी भाकरी वाढली. "आमच्यात बी एक नर्स व्हती. येकाच पेशंटाला तीनदा बघायला जायची. आमी म्हणलं, लईच शिरियस दिसतंय. निघालं काय, तिथला पंखा चांगला व्हता." आणि ती परात घेऊन उठली. "खा. बोटं मंग मोज."

शनिवारी पेपर हातात आला तेव्हा मायानं आधी तो वाचला नाही, प्रश्न मोजले. पाच, प्रत्येकी दहा गुण. पहिल्यात रिकाम्या जागा. दुसरा: मातीचा नमुना कोणत्या जागांवरून घेऊ नये, कारणांसह लिहा. तिसरा: दिलेल्या आकड्यांवरून सेंद्रिय कर्ब काढा. चौथा: स्फुरद परीक्षणात कोळसा का वापरतात, आणि पुढच्या पायऱ्यांची कारणं. पेपर भागांच्याच क्रमानं चालला होता. तिच्या यादीतल्या पहिल्या तिन्ही गोष्टी आल्या होत्या.

पाचवा: विहिरीच्या पाण्याच्या दिलेल्या आकड्यांवरून सोडियमचं गुणोत्तर काढा आणि पाणी सिंचनास योग्य आहे का ते सांगा.

ती तो प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत राहिली आणि मग तिला तिची चूक दिसली, अगदी स्वच्छ. तुटलेल्या लेक्चरातली स्लाइड पुढच्या भागात यायची. पण आठव्या भागाच्या पुढे भागच नव्हता. सरांना ती पुन्हा दाखवायची इच्छा असती तरी जागा नव्हती. तिथं पुनरावृत्ती नव्हती यावरून काहीच ठरत नव्हतं, आणि तिनं मात्र ठरवून टाकलं होतं. 'उद्दिष्टे'मधली सहावी ओळ डोळ्यांसमोर होती. तीच एक ओळ सरळ बोलत होती आणि तिनं तिचंच ऐकलं नव्हतं.

सूत्रात सोडियम वर असतो हे आठवलं. खाली कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज, तिचं वर्गमूळ. बेरजेला आधी दोननं भागायचं असतं ते आठवलं नाही. उत्तर काहीतरी आलं. शेजारच्या रांगेत सत्यजीत छताकडे बघत होता. पहिल्या प्रश्नात ढिगाची एक रिकामी जागा होती आणि सामूच्या द्रावणांची एक. तेवढीच, एकेक गुणाची.

निकाल बुधवारी लागला. मायाला पहिल्या प्रश्नात सात, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात दहा, चौथ्यात सात आणि पाचव्यात दोन. चौतीस. अकरा जणांपैकी सात जण तिशीच्या वर गेले. सत्यजीतला एकोणतीस.

ती त्याला शोधत व्हरांड्यात आली.

"तिसऱ्यात चार पडले," तोच म्हणाला. "ब्लँकातनं नमुना वजा करायचा, मी उलटं केलं. उणे कर्ब निघाला. सर म्हणले, ही कुठली जमीन?"

"मी ती पहिली यादी दिली नसती तर..."

"तर मी तेवढं बी वाचलं नसतं," सत्यजीत म्हणाला. त्यानं गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवली, दोनदा, तीनदा. "जाऊ द्या. ऊस काय कुठं जात न्हाई. तुमी तेवढी काचंची भांडी फोडू नका."

तो गेला. सोमवारी ती रांजणगावला गेली नव्हती आणि तिथली जागा भरली गेली होती; आता तिची गरजही उरली नव्हती, तरी मायाला बसस्टँडपर्यंत सरळ चालवेना. ती मध्येच थांबायची आणि पुन्हा निघायची.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू होऊन तिला महिना झाला नव्हता, तेव्हा तो पुन्हा दिसला. खिडकीशी उभा, हातात कापडी पिशवी, पिशवीत माती. मांडवगण फराट्याची.

"अर्धा किलो हाय," तो म्हणाला. "चार भाग करून, समोरासमोरचे टाकून. पाठ होतं ते."

"बांधाजवळून नाही ना घेतली?"

"न्हाई ओ बाई. उकिरड्याजवळनं न्हाई, झाडाखालनं न्हाई, गोठ्यामागनं बी न्हाई. आजून काय राह्यलं?"

"पाणथळ."

"व्हय, ते." तो हसला. "न्हाई, तिथनं बी न्हाई. थांबू का निकालाला?"

"उद्या ये. सुकवून, चाळून घ्यावी लागते."

तो दुसऱ्या दिवशी आला आणि बाहेरच्या बाकावर बसला. मायानं एक ग्रॅम माती तोलली, रसायनं घातली, ठरलेला वेळ थांबली. शेजारी मातीशिवायचा ब्लँक. ब्युरेटची तोटी सोडली तशी ती डोळ्यांची पापणी न हलवता रंगाकडे बघत राहिली. रंग पालटला तिथं थांबली, आकडा वाचला, डोळे ब्युरेटच्या रेषेत आणून पुन्हा वाचला.

ब्लँक १९.८. नमुना १७.४. फरक २.४.

सेंद्रिय कर्ब ०.३६ टक्के. कमी, पण उणे नव्हे.